शेवटचे सहा दिवस, पाच उघडी तिकिटं: निरोपाच्या टिपणात कोणाला काय लिहून देऊ?

निनाद_बॅकएंड (धागाकर्ता)

पुढच्या सोमवारी या कंपनीतला माझा शेवटचा दिवस. चार वर्षं बिलिंगचा कोड सांभाळला. माझ्या नावावर पाच तिकिटं उघडी आहेत आणि उरलेल्या सहा दिवसांत ती सगळी संपणार नाहीत, हे मी मान्य केलंय.

निरोपाचा मेल लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की आभार दोन ओळींत मानायचे आणि बाकी जागा तिकिटांना द्यायची. प्रत्येक तिकीट कोणाकडे जातंय ते नावानिशी लिहायचं. बिलिंग माझ्याकडे आलं तेव्हा आधीच्या माणसाची 19 तिकिटं 'बॅकएंड टीम' या नावावर पडून होती. त्यांतली अर्धी कशाबद्दल आहेत एवढं कळायलाच मला कित्येक महिने लागले. माझ्यामागे कोणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

हा मसुदा:

> BIL-412, एकाच पेमेंटच्या दोन पावत्या जातात: केतकी. गेटवे वेबहुक पुन्हा पाठवतो म्हणून होतं. `event_id` वर युनिक इंडेक्स टाकला की संपलं.
>
> BIL-377, महिन्याच्या पहिल्या पहाटेचे व्यवहार आधीच्या महिन्याच्या अहवालात दिसतात: रोहन. टाइमझोनचा घोळ.
>
> BIL-431, पावतीचा नवा पीडीएफ नमुना: इम्रान. ब्रांचवर निम्मं झालंय.
>
> BIL-405, मोठ्या ग्राहकांचं एक्सपोर्ट मध्येच तुटतं: वैशाली. तिने मागे यावर काम केलं होतं.
>
> BIL-290, पीडीएफ लायब्ररीची नवी आवृत्ती घेणे: ज्याला वेळ मिळेल तो.

एवढं पुरेल का? ज्यांच्या हाती अशी तिकिटं आली आहेत त्यांनी सांगावं की यात काय कमी आहे.

---

अभय_१७

अभिनंदन! एक सुचवू का? निरोपाचा मेल छोटा आणि हसरा असावा. मॅनेजरचं नाव पहिल्या ओळीत घ्या, सोबत काढलेला एखादा फोटो लावा आणि नवा पत्ता द्या. तिकिटंबिकिटं त्यात घातली तर लोक पूर्ण वाचतच नाहीत. आणि खरं तर नोटिस पिरियडमध्ये एवढं कोण करतं? हँडओव्हरची यादी मॅनेजर मागतो, ती भरून द्यायची.

---

निनाद_बॅकएंड

अभय, धन्यवाद. पण मला मेल कसा वाचायला गोड लागेल हे विचारायचं नव्हतं. मंगळवारी सकाळी केतकी 412 उघडेल तेव्हा तिला काय माहीत असायला हवं, हा माझा प्रश्न आहे.

---

पल्लवी_क

मी मिळणाऱ्या बाजूने सांगते. दीड वर्षापूर्वी आमचा एक जण गेला आणि माझ्या नावावर 14 तिकिटं आली. प्रत्येकाखाली एक ओळ होती. एकावर लिहिलं होतं, 'कॅशमुळे होतंय, साफ केलं की ठीक होतं.' मी तीन आठवडे कॅश साफ करत होते. नंतर कळलं की त्याला तो फक्त संशय होता. त्याने एकदा कॅश साफ केली, त्या दिवशी योगायोगाने चूक दिसली नाही, आणि त्याने तेच लिहून ठेवलं.

तुमच्या 412 मध्ये 'म्हणून होतं' असं ठामपणे लिहिलंय. ते तुम्ही पाहिलंय की तुम्हाला तसं वाटतंय?

---

डीबीवाला

412 मध्ये एवढं काय आहे? वेबहुक किमान एकदा येतोच, कधी दोनदा येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. युनिक इंडेक्स टाका आणि `ON CONFLICT DO NOTHING` लिहा. तासाभराचं काम आहे. टिपण लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा तुम्हीच करून जा.

---

सुजाता_म

पल्लवीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो सोडू नका. मी वीस वर्षं दुसऱ्यांचा कोड सांभाळते आहे. टिपणातली सगळ्यात महाग ओळ कोणती, तर अंदाज असूनही वस्तुस्थितीसारखी लिहिलेली. घेणारा माणूस तुमच्याइतका शंकेखोर नसतो, कारण तो तुम्हाला जाणकार समजतो. तुम्ही लिहिलं की त्याच्यासाठी ते सिद्ध झालं.

म्हणून मी तीन गोष्टी वेगळ्या लिहायला सांगते: काय पाहिलं, त्यावरून काय वाटतं, आणि काय करून पाहिलं पण लागू पडलं नाही. तिसरी लोक हमखास गाळतात. घेणारा मग तोच रस्ता पुन्हा चालतो.

412 बद्दल विचारते. अशा किती तक्रारी पाहिल्या? एका पेमेंटच्या दोन पावत्यांमध्ये वेळेचं अंतर किती होतं? आणि दोन्हींचा `event_id` खरंच एक होता का?

डीबीवाला, टेबलात आधीच दुहेरी ओळी असतील तर इंडेक्स बनणारच नाही. तासाभरात आटपेल असं मला वाटत नाही.

---

निनाद_बॅकएंड

सुजाताताई, प्रामाणिकपणे सांगतो, मी दोन तक्रारी बारकाईने पाहिल्या होत्या. दोन्हींमध्ये `event_id` एकच होता आणि अंतर साधारण एका मिनिटाचं. आमचा हँडलर पावतीचा पीडीएफ बनवून झाल्यावरच 200 परत देतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला भार असला की त्याला 14 सेकंद लागतात, आणि गेटवे 10 सेकंदच थांबतो. म्हणून तो मिनिटभराने पुन्हा पाठवतो. हे लॉगमध्ये पाहिलंय.

बाकीच्या तक्रारी मी तशाच असणार असं धरून चाललो. उद्या सगळ्या पाहतो.

---

रात्रपाळी

तिकिटांबाहेरचंही लिहा. आमच्याकडचा किस्सा. एक जण शुक्रवारी गेला, त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद झालं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की रात्रीचा बॅकअप झालेलाच नाही. ते क्रॉन त्याच्या स्वतःच्या युजरखाली चालत होतं. कुठलंही तिकीट नव्हतं, कारण ते कधी बिघडलंच नव्हतं. बिघडलं की मेल जायचा, पण तोही त्याच्याच पत्त्यावर.

आता आम्ही जाणाऱ्याला सोबत बसवून सर्व्हरवर `crontab -l` बघतो, आणि त्याच्या नावाची टोकनं कुठे कुठे लावली आहेत ते शोधतो. गिटहब अॅक्शन्स वापरत असाल तर आणखी एक बघा. वेळापत्रकाची `cron` ओळ ज्याने शेवटची बदलली, तो माणूस ऑर्गनायझेशनमधून काढला गेला की ते वेळापत्रक बंद पडतं. लिहिण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या कोणीतरी ती ओळ बदलून कमिट केली की पुन्हा सुरू होतं. आम्हाला हे अहवाल थांबल्यावरच कळलं.

---

निनाद_बॅकएंड

रात्रपाळी, हे वाचून लगेच पाहिलं. महिनाअखेरच्या अहवालाचं वेळापत्रक माझ्याच कमिटवर आहे. म्हणजे 377 रोहनला दिलं असतं आणि पुढच्या महिन्यात अहवाल आलाच नसता. तो बिचारा टाइमझोनमध्ये कारण शोधत बसला असता. रोहनकडून आजच वेळेत दोन मिनिटांचा बदल करून कमिट करून घेतलं.

---

जयंत_लीड

मी टीम लीड आहे, त्यामुळे थोडं वेगळं म्हणणं मांडतो. जाणाऱ्याने नावं ठरवू नयेत. पुढच्या तिमाहीत कोण कशावर असेल हे त्याला माहीत नसतं. केतकीला तुमचा लीड दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवणार असेल तर तुमचं टिपण दुसऱ्या दिवशीच शिळं होतं. सगळी तिकिटं लीडच्या नावावर करा, वाटप तो करेल.

---

पल्लवी_क

जयंत, लीडच्या नावावर केलेली तिकिटं लीडच्याच नावावर राहतात, हे मी दोन कंपन्यांत पाहिलंय. त्यातून जाणारा अजून समोर असताना त्याला प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. केतकीला आज माहीत असेल की 412 तिचं आहे, तर ती उद्या निनादला विचारेल. तुम्ही दोन आठवड्यांनी तिला दिलंत तर विचारायचं कोणाला?

---

जयंत_लीड

मान्य, पण मग निदान लीडशी बोलून नावं ठरवा. एवढं तरी.

---

सुजाता_म

माझ्या मते नाव हवंच. लीडशी बोलून हवं आणि त्या व्यक्तीला आधी विचारून हवं. निरोपाच्या मेलमध्ये सगळ्यांदेखत पहिल्यांदा आपलं नाव दिसलं तर माणूस नाही म्हणू शकत नाही. तो गप्प बसतो आणि तिकीटही गप्प बसतं.

निनाद, तुम्ही पाचही जणांना विचारलंय का?

---

निनाद_बॅकएंड

चारच नावं आहेत, कारण 290 ला मी कोणाचंच नाव दिलेलं नाही. केतकी, रोहन आणि इम्रान हो म्हणालेत. वैशाली रजेवर आहे, माझ्या शेवटच्या दिवसानंतर दोन दिवसांनी परत येईल. तिच्याशी बोलणं झालेलं नाही. तिने दोन वर्षांपूर्वी एक्सपोर्ट लिहिलं होतं म्हणून नाव टाकलं.

---

पल्लवी_क

दोन वर्षांपूर्वी लिहिलं म्हणून आज तिचं, हे मला पटत नाही. मी जुन्या कोडमधून मुद्दाम बाहेर पडले होते आणि असंच एका टिपणामुळे परत त्यात ओढले गेले. तिला कदाचित आनंदच वाटेल, मला माहीत नाही. पण तिला विचारल्याशिवाय नाव लिहू नका.

---

निनाद_बॅकएंड

आज 412 च्या नऊही तक्रारी काढल्या. ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT payment_id, COUNT(*) AS n,
       COUNT(DISTINCT event_id) AS ev
FROM receipts
WHERE payment_id IN (:complaint_payments)
GROUP BY payment_id
HAVING COUNT(*) > 1;
```

मी चुकलो होतो. नऊपैकी सहा ठिकाणी `ev` एक आहे, म्हणजे तोच इव्हेंट पुन्हा आला. उरलेल्या तीन ठिकाणी `ev` दोन आहे! आणि तिथे दोन पावत्यांमधलं अंतर फक्त दोन सेकंदांचं आहे. मिनिटभराने होणारा पुनर्प्रयत्न तिथे असूच शकत नाही.

ती तीन पेमेंटं उघडून पाहिली. गेटवे एकाच पेमेंटसाठी दोन वेगळे इव्हेंट पाठवतो, आधी रक्कम मंजूर झाल्याचा आणि मग ती जमा झाल्याचा. आमच्या हँडलरमध्ये ही ओळ आहे:

```python
if event["type"].startswith("payment."):
    issue_receipt(event)
```

दोन्ही इव्हेंट या चाळणीतून जातात. मग प्रत्येक पेमेंटला दोन पावत्या का नाहीत, तर मंजुरी आणि जमा या दोन पायऱ्या फक्त एका प्रकारच्या कार्डांना वेगळ्या पडतात, बाकीच्यांना थेट जमा होते. `event_id` वरच्या युनिक इंडेक्सने ही तीन प्रकरणं अजिबात थांबली नसती. केतकीने इंडेक्स टाकला असता, तिकीट बंद केलं असतं आणि महिन्याभराने तीच तक्रार पुन्हा आली असती. ती म्हणाली असती, निनादने तर कारण लिहून ठेवलं होतं.

---

सुजाता_म

दोन सेकंदांचं अंतर, तेच मला हवं होतं. हे आकडे जसेच्या तसे तिकिटात टाका, क्वेरीसकट. ती केतकीला पुन्हा चालवता आली पाहिजे. दुरुस्तीनंतर तीच क्वेरी तक्रारींच्या यादीऐवजी नव्या तारखांवर चालवली आणि रिकामी आली की काम झालं, हे तिला स्वतःला कळेल.

आणि मेलमध्ये नको, तिकिटाखाली कॉमेंट म्हणून टाका. मेल केतकीच्या इनबॉक्समध्ये राहील. उद्या ती रजेवर असली तर तिच्या जागी बघणारा तिकीटच उघडणार. मेलमध्ये नाव, तिकीट आणि आजची स्थिती एका वाक्यात, एवढंच.

---

डीबीवाला

ठीक, `event_id` वर नको. मग `payment_id` वर युनिक इंडेक्स टाका. एका पेमेंटला एक पावती, दोन्ही प्रकार थांबतील. जुन्या दुहेरी ओळी आधी `DELETE` करायच्या.

---

निनाद_बॅकएंड

इथेच अडचण आहे, आणि ती मी कुठेच लिहिली नव्हती हे तुमचं उत्तर वाचून लक्षात आलं.

एक, दुहेरी पावत्या पुसता येत नाहीत. लेखा विभागाशी मागे कॉल झाला होता. पावती क्रमांक सलग असतात, मधला क्रमांक गायब झालेला त्यांना चालत नाही. पावती रद्द म्हणून राहिली पाहिजे, म्हणजे `status` मध्ये `void`. हे फक्त त्या कॉलवर ठरलं. कॉलवर मी आणि लेखा विभागातले एक जण, दोघंच होतो.

दोन, एका पेमेंटला दोन खऱ्या पावत्या असू शकतात. नाव चुकलं तर आम्ही सुधारित पावती देतो, तिच्या `reissue_of` मध्ये जुनीचा क्रमांक असतो. सरसकट `payment_id` वर बंधन टाकलं तर ही सोय बंद पडेल.

---

डीबीवाला

मग अंशतः युनिक इंडेक्स. पोस्टग्रेस असेल तर:

```sql
CREATE UNIQUE INDEX CONCURRENTLY receipts_one_live
ON receipts (payment_id)
WHERE status <> 'void' AND reissue_of IS NULL;
```

रद्द झालेल्या आणि सुधारित पावत्या त्यातून वगळल्या जातात. हे चालेल.

---

सुजाता_म

हे बरोबर आहे. फक्त केतकीसाठी दोन सूचना सोबत जाऊ द्या. `CONCURRENTLY` ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि बरीच मायग्रेशनची साधनं प्रत्येक मायग्रेशन आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, तेव्हा तिथे ते बंद करावं लागेल. दुसरं, एखादी दुहेरी ओळ रद्द करायची राहून गेली तर कमांड एररचा संदेश देऊन थांबते, पण अर्धवट इंडेक्स मागे राहतो. `\d receipts` मध्ये त्याच्यापुढे `INVALID` दिसतं. तो `DROP INDEX` करून मग पुन्हा प्रयत्न करायचा. हे माहीत नसलेला माणूस त्याच नावाने कमांड पुन्हा चालवतो आणि नाव आधीच आहे म्हणून अडतो.

आणखी एक विचारते. पावतीचा मेल ओळ टाकण्याआधी जातो की नंतर?

---

निनाद_बॅकएंड

आत्ता कोड उघडून बघितला. आधी जातो. म्हणजे इंडेक्स असला तरी ग्राहकाला दोन मेल जाणारच, फक्त टेबलात ओळ एक राहील. तक्रार तर मेलचीच असते.

तर क्रम असा दिसतो: आधी ओळ टाकायची, ती खरंच नव्याने पडली असेल तरच मेल. आणि 200 पीडीएफ बनण्याआधी परत द्यायचा, पीडीएफचं काम रांगेत.

---

रात्रपाळी

रांगेत टाकलं म्हणजे दुहेरीपणा संपला असं मात्र लिहू नका. रांगही काम दोनदा देऊ शकते. वर्कर मध्येच मेला की तेच काम दुसऱ्याकडे जातं. ओळ पडली पण मेल जायच्या आत मेला, असंही होईल. तेव्हा मेल गेला की नाही याची वेगळी खूण ओळीवर लागेल.

---

निनाद_बॅकएंड

हो. यातलं किती मी ठरवायचं आणि किती केतकीवर सोडायचं, हा माझा आजचा प्रश्न आहे. मला पूर्ण आराखडा लिहून द्यायचा मोह होतोय.

---

पल्लवी_क

नका देऊ. मला जेव्हा पूर्ण आराखडा मिळाला, तेव्हा मी तो मोडायला घाबरले, आणि काही ठिकाणी तो मोडणं गरजेचं होतं. जे तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही ते द्या: लेखा विभागाचा कॉल, सुधारित पावतीची सोय, दोन प्रकारचे इव्हेंट. खूण कुठे लावायची हे केतकी ठरवेल, तिला कोड वाचता येतो.

---

जयंत_लीड

इथे मी पल्लवीशी सहमत नाही. पैशाच्या कोडमध्ये आराखडा असलेला बरा. 'सुचवलेला मार्ग, बांधील नाही' असं वर लिहा आणि द्या.

बाकीच्या तिकिटांचं काय? 290 अजून 'ज्याला वेळ मिळेल तो' वरच आहे.

---

निनाद_बॅकएंड

290 बंद करतोय. अडीच वर्षं जुनं आहे. इम्रानच्या 431 मध्ये पीडीएफची लायब्ररीच बदलते, तेव्हा जुनीची नवी आवृत्ती घेण्याला अर्थ उरत नाही. बंद करताना तेच कारण लिहिलं. एवढ्या काळात ते सोडून देण्याचा निर्णय कोणीच घेतला नव्हता, मीही नाही.

431 साठी इम्रानसोबत ब्रांच उघडून बसलो. 'निम्मं झालंय' म्हणजे काय हे मलाच सांगता येईना. शेवटी असं लिहिलं: नमुन्याचं शीर्ष आणि तक्ता झाला, दोन पानांवर जाणारी पावती झालेली नाही, आणि शेवटचं कमिट चाचणीत नापास होतं, ते तसंच ठेवलंय. शिवाय ही कमांड चालवली तेव्हा दोन कमिटं फक्त माझ्या लॅपटॉपवर सापडली, कुठेच पुश केलेली नव्हती:

```
git log --branches --not --remotes --oneline
```

`git stash list` मध्येही एक होतं. लॅपटॉप सोमवारी जमा करायचा आहे, तिथे तो लगेच पुसतात.

377 रोहनला दहा मिनिटांत समजलं. अहवाल यूटीसीच्या मध्यरात्रीला महिना संपवतो, ग्राहकाचा महिना त्याच्या स्थानिक मध्यरात्रीला संपतो. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

---

निनाद_बॅकएंड

शुक्रवार. 412 खाली ही कॉमेंट टाकली:

> केतकी, हे आता तुझ्याकडे. आपण बुधवारी बोललो.
>
> पाहिलेलं: नऊ तक्रारी. सहांमध्ये तोच इव्हेंट साधारण मिनिटभराने पुन्हा आला, कारण आपलं उत्तर गेटवेच्या 10 सेकंदांत जात नाही. तिघांमध्ये एकाच पेमेंटचे दोन वेगळे इव्हेंट, दोन सेकंदांच्या अंतराने. क्वेरी खाली आहे, सुधारित पावत्या गाळायला तिच्यात `reissue_of IS NULL` जोडलंय.
>
> पाहिलेलं नाही: यादी फक्त तक्रारींवरून केली आहे. तक्रार न केलेले ग्राहक किती, हे मोजलेलं नाही.
>
> कोडमध्ये न दिसणारं: दुहेरी पावती पुसायची नाही, रद्द करायची. लेखा विभागाने कॉलवर सांगितलं. त्यांना मी आज मेल पाठवून ते लेखी मागितलंय, तुला सोबत घेतलंय. सुधारित पावत्यांना धक्का लागता कामा नये.
>
> मला वाटतं (बांधील नाही): अंशतः युनिक इंडेक्स, ओळ आधी आणि मेल नंतर, पीडीएफ रांगेत. मेल गेल्याची खूण कुठे ठेवायची हे मी ठरवलेलं नाही.
>
> करून पाहिलं, लागू पडलं नाही: पीडीएफ बनवणाऱ्या वर्करांची संख्या दुप्पट केली होती. मिनिटभराच्या अंतराच्या दुहेरी पावत्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

केतकीला ती वाचायला दिली आणि विचारलं की सोमवारी तू पहिलं काय करशील. ती म्हणाली, चाचणीच्या सर्व्हरवर दोन सेकंदांचं प्रकरण घडवून बघेन, पण गेटवेची चाचणी-किल्ली कुठे आहे? ती माझ्या पासवर्ड-तिजोरीत होती. टीमच्या तिजोरीत हलवली.

---

सुजाता_म

हा प्रश्न तिने विचारला हे फार बरं झालं. किल्ली हलवलीत, पण बदललीत का? ती तुमच्यापाशी राहिलेली आहे.

---

निनाद_बॅकएंड

नाही बदलली. केतकी सोमवारी सकाळी बदलेल, मी असतानाच. म्हणजे काही तुटलं तर दिसेल.

---

जयंत_लीड

आणि 405? वैशालीचं?

---

निनाद_बॅकएंड

तिकीट माझ्या नावावरून काढलं. तसं न करता गेलो तर खातं बंद झाल्यावरही ते माझ्याच नावावर दिसत राहील. सध्या आमच्या लीडच्या नावावर आहे, त्यांना विचारून. खाली कॉमेंटमध्ये आहे: दोन लाखांपेक्षा जास्त ओळींचं एक्सपोर्ट कुठे तुटतं, कोणत्या ग्राहकाच्या डेटावर हमखास दिसतं, आणि सगळ्या ओळी एकदम मेमरीत घेतल्या जातात असा मला संशय आहे, पण मेमरी मोजलेली नाही. वैशालीला वेगळं पत्र लिहिलंय की तुझं नाव मी सुचवलं आहे, दिलेलं नाही. ती बुधवारी येईल. ती काय म्हणाली हे मला कदाचित कळणारही नाही.